बिटकॉइनचा पुलबॅक मोजायला एटीआर चॅनेल की बोलिंजर?

नवीपेठ_अजय
सुताचं दुकान सांभाळून रोज थोडा वेळ चार्ट बघतो. फक्त बिटकॉइन, फक्त दैनिक कॅन्डल. चढत्या भावात खाली आल्यावर, म्हणजे पुलबॅकला, घ्यायचं, एवढाच माझा धंदा. अडचण अशी की एकाच चार्टवर एटीआरवर बांधलेलं केल्टनर चॅनेल आणि प्रमाण विचलनावर बांधलेले बोलिंजर बँड दोन्ही लावले, तर त्यांचं एकमेकांशी जमतच नाही. केल्टनरची खालची रेघ भावाला टेकते तेव्हा बोलिंजरची खालची रेघ कुठंतरी पाताळात असते. कधी बरोबर उलटं होतं. दोन्हींमध्ये मधली रेघ २० दिवसांचीच, गुणक २ च. मग पुलबॅक "पुरेसा खोल" झाला हे कोणाला विचारायचं?

जुळे_सोलापूर_देशमुख
बोलिंजर. त्यामागे गणित आहे. दोन प्रमाण विचलनांच्या आत ९५ टक्के भाव असतात, म्हणजे खालच्या रेघेला भाव टेकला की तो शंभरात अडीच वेळा होणारा प्रकार. एटीआर म्हणजे नुसती कॅन्डलच्या उंचीची सरासरी, त्यात शक्यतेचा काही हिशोबच नाही.

निवृत्त_मास्तर
देशमुखसाहेब, सूत्र तुम्ही बरोबर सांगताय, ते इथं लागू होत नाही एवढंच. ९५ टक्क्यांसाठी आकडे एकमेकांपासून स्वतंत्र हवेत आणि सरासरी स्थिर हवी. भावाच्या बाबतीत आजचा बंद कालच्या बंदाला चिकटूनच असतो, आणि ट्रेंड चालू असेल तर सरासरी रोज सरकते. वर्गात मी पोरांना एक साधं उदाहरण द्यायचो, तेच इथं टाकतो. कागद-पेन्सिल घ्या.

समजा बिटकॉइन रोज बरोबर १,००० डॉलर चढतोय. वीस दिवसांचे बंद भाव ८१,०००, ८२,००० असे करत १,००,००० पर्यंत. त्याआधीही असाच चढत होता असं धरू. रोजच्या कॅन्डलची खरी व्याप्ती २,५०० डॉलर. यात घाबरण्यासारखं काहीच नाही, शहाण्या मुलासारखा चाललेला भाव आहे.

वीस दिवसांची सरासरी येते ९०,५००. प्रमाण विचलन येतं ५,७६६. म्हणजे बोलिंजरची वरची रेघ १,०२,०३३ आणि खालची ७८,९६७. आता सांगा, हे ५,७६६ आलं कुठून? भाव तर एक दिवसही इकडेतिकडे हलला नाही! ते सगळं चढाचं विचलन आहे. बोलिंजरला चढ आणि खळबळ यातला फरक कळत नाही. सरासरीपासून लांब गेलेला प्रत्येक बंद त्याच्या लेखी सारखाच.

एटीआर मात्र २,५०० वरच उभा आहे. मधली रेघ ताज्या भावांना जास्त वजन देणारी सरासरी, म्हणजे ईएमए, घेतली तरी इथं ९०,५०० च येते, कारण २० च्या ईएमएचा उशीरही साडेनऊ दिवसांचाच. २ एटीआर म्हणजे ५,०००. केल्टनरची खालची रेघ ८५,५००, वरची ९५,५००. भाव १,००,००० वर, म्हणजे चॅनेलच्या बाहेर वर चालतोय.

अजयराव, तुमची "पाताळातली रेघ" ती हीच. चढ जितका सरळ आणि तीव्र, तितकी बोलिंजरची खालची रेघ खोल जाते. तिथं भाव टेकायची वाट बघत बसलात तर बहुतेक वेळा पुलबॅक तिथवर येतच नाही, आणि आला तर तोवर त्याला पुलबॅक म्हणायचं की ट्रेंड मोडला म्हणायचं हाच प्रश्न असतो.

एमआयडीसी_श्रीनिवास
सर भारी सांगितलं की ओ. पण माझं उलटं होतंय. माझ्या चार्टवर केल्टनरच इतका रुंद दिसतो की भाव कधी खालच्या रेघेला शिवतच नाही. अक्कलकोट रोडला माझे माग आहेत, रात्रपाळीत वेळ असतो म्हणून मोबाईलवर बघत बसतो. रुपयातला चार्ट लावतो, कारण पैसे तर रुपयातच टाकतो ना.

विजापूर_रोड_स्नेहा
श्रीनिवासअण्णा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या रुपयाच्या चार्टमध्येच आहे. रुपयातल्या जोडीत व्यवहार पातळ. रात्री कोणी एक मोठी ऑर्डर टाकली की कॅन्डलला लांबलचक शेपूट येतं आणि मिनिटात भाव परत जागेवर. ते शेपूट एटीआरमध्ये पूर्ण मोजलं जातं. बोलिंजर फक्त बंद भाव बघतो, त्याला ते दिसतच नाही. म्हणून तुमचा केल्टनर फुगलाय. त्याच दिवसाची कॅन्डल `BTCUSDT` च्या चार्टवर शेजारी लावून बघा. शेपूट तिथं नसेल तर ते बाजाराचं नाही, तुमच्या एक्सचेंजच्या पातळपणाचं आहे. खरेदी रुपयात करा, मोजमाप डॉलरच्या चार्टवर.

अजून एक. दैनिक कॅन्डल बहुतेक चार्टवर यूटीसीच्या मध्यरात्री बंद होते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. रात्री अकराला जो आकडा बघताय तो अर्धवट कॅन्डलचा आहे. "रेघेला टेकला" म्हणून झोपायच्या आधी घेतलं आणि सकाळी कॅन्डल भलतीकडेच बंद झाली, हे त्यामुळं होतं.

एमआयडीसी_श्रीनिवास
साडेपाचला तर माझी रात्रपाळी सुटायच्या बेतात असते, बरंच की. बघतो लावून.

कुंभारवेस_११
सगळं ठीक आहे, पण आत्ता घ्यायचा का नाही ते सांगा. आणि शंभर रुपयांच्या आतलं एखादं कॉइन सुचवा, त्याला पण हेच चालतं का?

नवीपेठ_अजय
भाऊ, इथं टिपा देत नाही कोणी. आणि लहान कॉइनचं गणित वेगळं, त्यात खोटी शेपटं जास्त. मास्तर, तुमचं उदाहरण चढाचं झालं. पुलबॅक सुरू झाल्यावर काय होतं ते सांगा ना, मला तिथंच अडतं.

निवृत्त_मास्तर
तिथंच खरी मजा आहे. तेच उदाहरण पुढं चालवू.

१,००,००० नंतर भाव पडायला लागला. तीन दिवसांचे बंद ९७,०००, मग ९४,५००, मग ९२,०००. या दिवसांची व्याप्ती रोज ४,०००. चौथ्या दिवशी जोरात आपटला, बंद ८५,५००, व्याप्ती ७,०००.

आधी डोळे मिटून अंदाज करा. बाजारात खळबळ वाढली, कॅन्डली अडीच हजारांच्या सात हजारांच्या झाल्या. बोलिंजर रुंद होईल की अरुंद?

अरुंद होतो. चढाच्या शेवटी विचलन ५,७६६ होतं. तीन दिवस पडल्यावर ते ४,६७१ होतं, आणि चौथ्या दिवसाच्या त्या मोठ्या आपटीनंतरही ४,५४७. कारण असं की वीस दिवसांच्या खिडकीतून बाहेर कोण पडतंय ते बघा. ८१, ८२, ८३, ८४ हजारांचे जुने बंद निघून गेले, जे सरासरीपासून सर्वात लांब होते. आत कोण आलं? ९७, ९४.५, ९२, हे सगळे सरासरीच्या जवळचे. म्हणून पडझडीच्या पहिल्या टप्प्यात बोलिंजर शांत होत जातो. त्याची जाग येते भाव सरासरीच्या बराच खाली जाऊन तिथं राहिल्यावर.

आता चौथ्या दिवसाच्या बंदाला रेघा कुठं आहेत? बोलिंजरची मधली ९२,४५०, खालची साधारण ८३,३६०. ईएमए ९०,९२३. एटीआर ज्यानं काढला त्या विल्डरच्या पद्धतीनं १४ दिवसांचा एटीआर वाढून ३,०९९ झाला, म्हणून केल्टनरची खालची रेघ ८४,७२५. भाव ८५,५००. म्हणजे दोघांच्याही मते अजून "टेकला नाही".

आणि तरीही हा माणूस शिखरापासून १४,५०० डॉलर खाली आलाय. चढाच्या काळात ज्या भावाची रोजची हालचाल २,५०० होती, त्याच्या मानानं ही जवळजवळ सहा दिवसांची पूर्ण व्याप्ती झाली.

विजापूर_रोड_स्नेहा
सर, म्हणजे केल्टनर पण फसवतो. भाव पडतोय म्हणून एटीआर वाढतोय, एटीआर वाढतोय म्हणून रेघ खाली सरकतेय. भावाच्या पुढं पुढं पळणारी रेघ.

निवृत्त_मास्तर
बरोबर पकडलंस. म्हणून मी शिखराच्या दिवशीचा एटीआर धरून ठेवतो. वरच्या उदाहरणात तो २,५००. आजच्या ईएमएमधून दोन वेळा तोच वजा करा: ९०,९२३ मधून ५,००० गेले, ८५,९२३. भाव ८५,५००, म्हणजे रेघेखाली बंद. एकाच कॅन्डलला तीन मोजमापं आणि तीन रेघा: ८३,३६०, ८४,७२५, ८५,९२३. गज कापडाबरोबर ताणला जात असेल तर कापड किती ताणलं हे तो सांगू शकत नाही, एवढाच मुद्दा.

जुळे_सोलापूर_देशमुख
मास्तर, उदाहरण तुम्ही तुमच्या सोयीचं घेतलंत. रोज बरोबर १,००० चढणारा बिटकॉइन कोणी पाहिलाय? खऱ्या भावात चढ कमी आणि खळबळ जास्त असते. तिथं दोन्ही पट्टे जवळपास सारखेच दिसतात, मी रोज बघतो.

निवृत्त_मास्तर
हे मात्र मान्य, आणि महत्त्वाचं आहे. ज्या भावाला चढ-उतार असा कलच नाही, जो नुसता भरकटतोय, त्यात वीस बंदांच्या विचलनाची दुप्पट आणि एटीआरची दुप्पट बऱ्यापैकी जवळ येतात, बोलिंजर थोडा रुंद. अंतर पडतं ते कलामुळं. सरळ चढातून येणारं विचलन रोजच्या चढाच्या साधारण पावणेसहा पट असतं. म्हणून रोजचा सरासरी चढ एटीआरच्या साधारण एक षष्ठांशापेक्षा जास्त झाला की नुसता चढच बोलिंजरला केल्टनरपेक्षा रुंद करायला पुरतो. तुम्ही ज्या काळात बघताय तो कदाचित आडवा असेल. पण अजयरावांचा प्रश्न ट्रेंडमधल्या पुलबॅकचा आहे, आणि दोन पट्टे वेगळे बोलतात ते नेमके तेव्हाच.

जुळे_सोलापूर_देशमुख
मग आडव्या बाजारात बोलिंजर, ट्रेंडमध्ये एटीआर, असंच ना? मी तरी आडव्यातच खेळतो. माझ्यापुरतं माझं बरोबर.

विजापूर_रोड_स्नेहा
ज्यांना स्वतः आकडे काढायचेत त्यांच्यासाठी. मी पायथॉनमध्ये असं काढते:

```python
mid = df.close.rolling(20).mean()
sd  = df.close.rolling(20).std(ddof=0)
pc  = df.close.shift()
tr  = pd.concat([df.high - df.low,
                 (df.high - pc).abs(),
                 (df.low - pc).abs()], axis=1).max(axis=1)
atr = tr.ewm(alpha=1/14, adjust=False).mean()
ema = df.close.ewm(span=20, adjust=False).mean()
```

दोन जागा जपा. `ddof=0` लिहिलं नाही तर पांडाज १९ नं भागतो आणि पट्टे चार्टपेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास रुंद येतात. दुसरं, एटीआरला `span=14` लिहू नका. विल्डरचा भार एक चौदांश आहे, `span=14` दिलं की तो दोन पंधरांश होतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट चपळ एटीआर. आकडा शांत काळात जुळतो आणि आपटीनंतर जुळत नाही, यावरून ओळखायचं. सुरुवातीच्या शंभरेक कॅन्डली सोडून द्या, तोवर सरासरी स्थिर होत नाही.

आणि ट्रेडिंगव्ह्यूवरचा केल्टनर न बदलता लावलात तर त्यात `ATR Length` १० असते, १४ नाही. सरांचे आकडे तिथं तसेच दिसणार नाहीत.

एमआयडीसी_श्रीनिवास
डॉलरचा चार्ट लावला. ताई म्हणाल्या तसंच निघालं, माझी निम्मी शेपटं गायब. पण एक शंका. खऱ्या चार्टवर पण मोठी शेपटं असतातच की. ५ ऑगस्ट २०२४ चा दिवस आठवतो, जपानच्या येनमुळं सगळं पडलं होतं तो. भाव ४९ हजारापर्यंत गेला आणि बंद झाला ५४ हजाराच्या आसपास. तसल्या दिवसाचं काय करायचं? ते शेपूट खरं का खोटं?

निवृत्त_मास्तर
ते शेपूट खरंच. जगभरच्या एक्सचेंजांवर एकाच वेळी तिथं व्यवहार झाले, कित्येकांचे स्टॉप तिथं उडाले. बोलिंजरला त्या दिवसाचा फक्त बंद दिसतो, खालचे पाच हजार त्याच्या वहीत नाहीतच. तुमचा स्टॉप बाजारात टाकलेला असेल तर तुम्हाला ते दिसले असते! म्हणून स्टॉपचं अंतर ठरवायला मी एटीआरच वापरतो, तिथं वाद नाही.

पण तसल्या एका दिवसानंतर पुढचे आठवडे एटीआर फुगलेला राहतो हेही खरं. एक कॅन्डल नेहमीच्या चौपट आली तर १४ चा एटीआर एका दिवसात सुमारे २१ टक्के वाढतो, आणि ती सूज निम्मी व्हायला नऊ-दहा कॅन्डली लागतात. हळूहळू ओसरते, एकदम नाही. बोलिंजरचं उलटं. वाईट बंद वीस कॅन्डली खिडकीत बसून राहतो आणि एकविसाव्या दिवशी एकदम गळून पडतो. त्या दिवशी बाजारात काही घडलेलं नसतं, पण पट्टा आकसतो. तो आकसलेला पट्टा बघून "आता मोठी चाल येणार" म्हणणारे बरेच बघितलेत.

नवीपेठ_अजय
आता माझं काम सोपं झालं वाटतंय, पण खात्री करून घेतो. सर, तुमची पद्धत म्हणजे शिखराच्या दिवशीचा एटीआर पकडायचा आणि ईएमएपासून दोन पट खाली रेघ मारायची. मग भाव त्या रेघेखाली बंद झाला की घ्यायचं?

निवृत्त_मास्तर
नाही, घाई नको. रेघेखाली बंद झाला म्हणजे पुलबॅक नेहमीपेक्षा खोल झाला, एवढंच कळलं. घ्यायचं की नाही ते दुसऱ्या प्रश्नावर ठरतं: खाली येताना कॅन्डली मोठ्या होत गेल्या की लहान. शिखराच्या एटीआरशी चालू एटीआरची तुलना करा. वरच्या उदाहरणात २,५०० चा ३,०९९ झाला, म्हणजे विक्री वेग घेतेय. तिथं मी हात लावत नाही. भाव तेवढाच खाली आला असता पण सावकाश, एटीआर २,५०० च्या खाली घसरत, तर तो थकलेला पुलबॅक. त्यात मी पहिल्या चढत्या बंदाला घेतो आणि स्टॉप पुलबॅकच्या तळाखाली ठेवतो.

यालाही मर्यादा आहे. हळूहळू झिरपत जाणारा घसरण-बाजार सुरुवातीला हुबेहूब थकलेल्या पुलबॅकसारखाच दिसतो. एटीआर त्यातही कमी होत जातो. एटीआरला दिशा कळत नाही, हे विसरायचं नाही. म्हणून मधली रेघ वर झुकलेली आहे का, एवढं तरी बघतोच.

विजापूर_रोड_स्नेहा
सर, एक विरोध. शिखर कोणतं ते आपल्याला नंतर कळतं. भाव ९८ वर गेला, ९५ वर आला, मग १०० वर गेला, तर एटीआर कुठला धरायचा? मी गेल्या २२ कॅन्डलींतला सर्वात उंच बंद धरते, पण २२ च का याला माझ्याकडे उत्तर नाही. २२ ऐवजी ४० धरलं की मधल्या काळात काही रेघा बऱ्याच सरकतात.

निवृत्त_मास्तर
उत्तर माझ्याकडेही नाही. मी सर्वात अलीकडच्या उंच बंदाचा धरतो आणि नवा उंच बंद आला की बदलतो. शुद्ध गणितानं हे सुटत नाही. २२ नं आणि ४० नं वेगळा निर्णय येत असेल तर मी तो सौदा सोडतो.

जुळे_सोलापूर_देशमुख
एवढं मोजून-मापून शेवटी करात काय राहतं तेही लिहा की. तीस टक्के नफ्यावर, आणि तोटा वजा करता येत नाही.

नवीपेठ_अजय
तो हिशोब मी दुकानात बसून केलाय. समजा वर्षात दहा सौदे. सहांत प्रत्येकी दहा हजार तोटा, चारांत प्रत्येकी वीस हजार नफा. हातात निव्वळ वीस हजार. पण क्रिप्टोच्या कर नियमाप्रमाणे कर लागतो ८० हजारांवर, तीस टक्के म्हणजे २४ हजार. सेस आणखी वेगळा. जिंकूनही चार हजार खिशातून! विकताना एक टक्का टीडीएस कापला जातो, तो करात वळता होतो, पण तोवर भांडवल अडकतं ते अडकतंच.

निवृत्त_मास्तर
म्हणूनच रुंद चॅनेल, कमी सौदे. गुणक २ ऐवजी २.५ घेतला तर खालच्या रेघेपर्यंत येणारे पुलबॅक कमी होतात, हुकलेले सौदे वाढतात, पण छोटे तोटेही कमी. शेअरमध्ये तोटा वळता करता येतो म्हणून तिथली सेटिंग्ज इथं उचलून आणायची नाहीत. २.५ च योग्य असं मात्र मी म्हणणार नाही.

जुळे_सोलापूर_देशमुख
बोलिंजरची खालची रेघ पाताळात असते तर सौदे आणखी कमी. म्हणजे करासाठी माझंच बरं!

विजापूर_रोड_स्नेहा
देशमुखकाका, ती रेघ तीव्र चढात खोल असते आणि आडव्यात जवळ येते. म्हणजे चांगल्या ट्रेंडमध्ये तुम्ही घेणार नाही आणि कंटाळवाण्या बाजारात सारखे घेत राहणार. कमी सौदे हवेत तर गुणक वाढवा, बोलिंजर कशाला.

जुळे_सोलापूर_देशमुख
आडव्यात सारखे घेतो आणि सारखे विकतोही. तुम्हाला नाही पटायचं.

एमआयडीसी_श्रीनिवास
मला एकच सांगा ओ. शिखराचा एटीआर मोबाईलवर कसा धरून ठेवायचा? ॲप तर रोज आजचाच दाखवतंय.

विजापूर_रोड_स्नेहा
शिखराच्या कॅन्डलवर बोट दाबून धरा, खाली एटीआरच्या खिडकीत त्या दिवसाचा आकडा दिसेल. तो वहीत लिहा. मग रोज पहाटे कॅन्डल बंद झाल्यावर आजच्या ईएमएमधून त्याची दुप्पट वजा करायची. नवा उंच बंद आला की वहीतला आकडा खोडून नवा.